फोटो टाकला की टूलला नक्की काय दिसतं? नववीच्या मुलांसाठी दोन तासांचा पाठ

आमच्या वर्गातल्या एका मुलीने वहीतलं गणित फोटो काढून एआयवर चालणाऱ्या चॅट टूलला दिलं होतं. आयताची लांबी १७ सेमी, रुंदी ९ सेमी, परिमिती काढा. उत्तर यायला हवं ५२, आणि तिने वहीत उतरवून आणलं २१२. मी पायऱ्या बघितल्या तर एकही पायरी चुकलेली नाही, सूत्र बरोबर, बेरीज बरोबर, दोनने गुणलं तेही बरोबर. मग लक्षात आलं की तिच्या अक्षरातला १ जरा गोल झाला होता आणि टूलने १७ ला ९७ वाचलं होतं, पुढचं सगळं त्या ९७ वर अगदी व्यवस्थित सोडवलं होतं. कुठेही असं म्हटलं नव्हतं की हा आकडा मला नीट लागत नाहीये.

त्या दिवसापासून मी हा पाठ घेतेय. मुलांना "टूलवर विश्वास ठेवू नका" असं नुसतं सांगून काही होत नाही, ती ऐकतात आणि घरी जाऊन परत तेच करतात. त्यांना एवढंच कळायला हवं की टूल जे बघतं, जे ताडतं आणि जे त्याला आधीपासून माहीत असतं ते तिन्ही एकाच ठाम आवाजात सांगतं, आणि ते वेगळं करायचं काम आपलं आहे. ज्यांना पहिल्यांदाच असा तास घ्यायचाय त्यांच्यासाठी मी कसा घेते ते सगळं लिहिते.

आधीची तयारी

४० मिनिटांचे दोन तास लागतात, शक्यतो लागोपाठ. एक लॅपटॉप, प्रोजेक्टर, नेट, आणि अकाउंट एकच, तुमचं. मुलांना स्वतःच्या मोबाइलवरून फोटो टाकायला लावू नका. बऱ्याच टूलच्या अटींमध्ये वयाची मर्यादा असते आणि आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच धरलाय, त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पाच-पाच जणांचे गट करा, फोटो तुम्ही टाकायचे, प्रश्न गटांनी लिहून द्यायचे.

चार फोटो आधी काढून ठेवा. एक भाजी बाजाराचा, कुणाचा चेहरा ओळखू येणार नाही असा. एक ठिपक्यांच्या रांगोळीचा, ती कशी काढायची ते खाली सांगते. एक एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या बोर्डाचा, लांबून, सगळा बोर्ड मावेल असा. आणि एक काट्यांच्या घड्याळाचा, त्यात ४ वाजून ३५ मिनिटं किंवा अशी कुठलीही आडवेळ लावलेली. हे फोटो लॅपटॉपवर केबलने घ्या, किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी पहिल्या वर्षी नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवले होते, व्हॉट्सअॅपने ते दाबून लहान केले, आणि टूलला बोर्ड वाचता आला नाही तो टूलमुळे की माझ्यामुळे हेच मला वर्गात सांगता येईना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चारही फोटोंची बरोबर उत्तरं आधी कागदावर लिहून ठेवा, स्वतः मोजून, स्वतः वाचून. हा सगळा पाठ त्या कागदावर उभा आहे. उत्तर आपल्याला आधीच माहीत असलं तरच टूल बरोबर की चूक हे ठरवता येतं, नाहीतर छान लिहिलंय म्हणून बरोबर असेल असं वाटत राहतं.

पहिला टप्पा: बाजाराचा फोटो आणि तीन रकाने

सुरुवात टूलला जे चांगलं जमतं त्याने करा. आधी चुका दाखवल्या तर मुलं "हे फालतू आहे" म्हणून मोकळी होतात आणि तेही खरं नाही. बाजाराचा फोटो टाका, काय दिसतंय ते दहा वाक्यांत सांगायला लावा. टोमॅटो, कोथिंबिरीच्या जुड्या, तागडी, निळी ताडपत्री, मागे उभी असलेली रिक्षा, हे सगळं बहुतेक वेळा बरोबर येतं. छापील ठळक अक्षरं वाचणं, पुस्तकातली आकृती समजावणं, छापलेल्या तक्त्याचा मजकूर टाइप करून देणं, या गोष्टी ही टूल्स खरंच चांगल्या करतात आणि मुलांना ते मोकळेपणाने सांगा.

मग फळ्यावर तीन रकाने आखा: दिसलं, ताडलं, आधीच माहीत होतं. आलेलं एकेक वाक्य गटांनी कुठल्या रकान्यात जातं ते ठरवायचं. टोमॅटो आहेत, हे दिसलं. सकाळची वेळ आहे, हे ताडलं, कारण तिरपं ऊन संध्याकाळीही पडतं. भाजी विकणाऱ्या बाई समाधानी आहेत, हेही ताडलंच, त्या पाठमोऱ्या आहेत फोटोत. रिक्षेची नंबरप्लेट MH 09 आहे म्हणून फोटो कोल्हापूरकडचा असावा, इथे गंमत येते, कारण MH 09 हे दिसलं, ते कोल्हापूरचं पासिंग आहे हे आधीच माहीत होतं, आणि फोटो तिथलाच आहे हे ताडलं, कोल्हापूरची गाडी सांगलीतही उभी असू शकते. एका वाक्यात तिन्ही रकाने. या वाक्यावर वर्गात भरपूर वाद होतो, होऊ द्या, पंधरा मिनिटं गेली तरी चालेल, पुढचा सगळा पाठ मुलं याच तीन शब्दांत बोलणार आहेत.

दुसरा टप्पा: एक ठिपका कमी

ही माझी आवडती पायरी. आदल्या दिवशी काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने किंवा फरशीवर रांगोळीने ७ बाय ७ ठिपके काढा, सारख्या अंतरावर, घरी संस्कारभारतीच्या आधी आपण सगळे जशी काढायचो तशी. मग मधल्या ओळीतला एक ठिपका पुसून टाका. म्हणजे झाले ४८. फोटो वरून सरळ काढा, सावली पडू देऊ नका.

आधी मुलांना मोजायला लावा, प्रोजेक्टरवर. नंतर टूलला किती ठिपके आहेत ते विचारा. पुष्कळदा उत्तर ४९ येतं, आणि वर सात ओळी, प्रत्येकीत सात असं कारणही येतं. मुलांना विचारा, हे ४९ कुठल्या रकान्यातलं? थोडा विचार करून ती सांगतात की हे तिसऱ्या रकान्यातलं आहे. चौकोनी जाळी दिसली, अशी जाळी भरलेली असते हे माहीत होतं, गुणाकार केला आणि सांगितला. पुसलेला ठिपका त्या हिशोबात आलाच नाही.

आता समजा टूलने ४८ बरोबर सांगितलं तर? होतं असं, नवीन टूल्स सुधारतायत, काही तर मोजायला आतल्या आत छोटा प्रोग्राम लिहून चालवतात. घाबरू नका, ११ बाय ११ ची रांगोळी तयार ठेवा, त्यातले तीन ठिपके तीन वेगळ्या जागी पुसलेले, म्हणजे ११८. आणि तोच फोटो तीन वेळा विचारा, पण दर वेळी नवीन चॅट उघडून. हे नवीन चॅटचं विसरू नका, कारण त्याच चॅटमध्ये परत विचारलं की टूलसमोर स्वतःचं आधीचं उत्तर असतं आणि ते बहुतेक तेच धरून चालतं. तीन चॅटमध्ये तीन आकडे आले तर मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही.

यानंतर एक छोटा प्रयोग जरूर करा. टूलचं उत्तर बरोबर आलेलं असलं तरी गटाला लिहायला सांगा की नक्की का, मला तर वेगळं वाटतंय. बरेचदा टूल माफी मागून आकडा बदलतं. म्हणजे चुकीचं उत्तर दुरुस्त करायलाही तयार आणि बरोबर उत्तर सोडायलाही तयार. आमच्याकडे एका मुलाने लगेच विचारलं, "मॅडम, मग परत विचारून उपयोग काय?" प्रश्न एकदम बरोबर आहे. दटावून विचारण्याचा उपयोग नसतो. फोटोचा तो भाग कापून मोठा करून दिला, म्हणजे नवीन काहीतरी बघायला दिलं, तर उपयोग असतो. आणि हेच पुढच्या पायरीत येतं.

तिसरा टप्पा: ग्राफ पेपर

आता टूलच्या आत काय होतं ते, पण जेवढं लागतं तेवढंच. फोटो म्हणजे रंगीत बारीक चौकोन, पिक्सेल. फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. एवढा मोठा फोटो बरीचशी टूल्स आहे तसा घेत नाहीत, आधी लहान करतात, किती लहान ते टूलप्रमाणे बदलतं. मग त्याचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचे आकडे करतात. २०२० मध्ये गुगलच्या संशोधकांनी ही तुकड्यांची पद्धत मांडली त्यात २२४ बाय २२४ पिक्सेलचं चित्र आणि १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे असा हिशोब होता, म्हणजे एका बाजूला १४ आणि एकूण १९६ तुकडे. आता चित्रं मोठी घेतात पण कल्पना तीच. त्या आकड्यांवरून आणि तुमच्या प्रश्नावरून टूल एकापुढे एक शब्द ठरवत जातं. ठिपक्यावर बोट ठेवून एक, दोन, तीन असं मोजणं यात कुठेच नाही.

हे ऐकून मुलांचे चेहरे कोरे राहतात, म्हणून ग्राफ पेपर वाटा. प्रत्येकाने २० बाय २० घरांत "स्त्री" हा शब्द काढायचा, घर पूर्ण रंगवायचं किंवा पूर्ण सोडायचं, अर्धं चालणार नाही. जमतो, सुंदर नाही पण वाचता येतो. आता तोच शब्द ५ बाय ५ घरांत काढा. पाच घरांत शिरोरेषा, स चा अर्धा भाग, त्र ची तिरकी रेघ आणि वर वेलांटी कशी बसवणार? मुलं खोडतात, परत रंगवतात, आणि शेवटी एक काळा ठोकळा होतो. शेजाऱ्याला दाखवून वाचायला सांगा, कुणी "श्री" म्हणतं, कुणी "खी" म्हणतं. इथे थांबून सांगा की शेजाऱ्याने आत्ता वाचलं नाही, ताडलं, आणि लहान केलेल्या फोटोत टूलही हेच करतं. इंग्रजी कॅपिटल L किंवा T ५ बाय ५ मध्ये आरामात मावतं, आपली जोडाक्षरं आणि मात्रा मावत नाहीत, त्यामुळे लांबून काढलेला मराठी बोर्ड त्याच आकाराच्या इंग्रजी बोर्डापेक्षा जास्त चुकतो. हाताने लिहिलेले आपले १ आणि ९ तर जवळून सुद्धा फसवतात, माझ्या विद्यार्थिनीचं तेच झालं होतं.

लगेच एसटीच्या बोर्डाचा फोटो टाका आणि एका ठरावीक गाडीची वेळ विचारा. हिशोब फळ्यावर करून दाखवा: ४००० पिक्सेल रुंद फोटोत बोर्डावरचं एक अक्षर समजा ४० पिक्सेलचं आहे, फोटो १००० वर आला की ते १० पिक्सेलचं राहिलं, म्हणजे मघाच्या दोन कागदांच्या मधलं काहीतरी. आता त्याच फोटोतून फक्त ती एक ओळ कापून नवीन चॅटमध्ये टाका. फोटो तोच, कॅमेरा तोच, नुसतं कापलं, आणि वाचन बहुतेक वेळा सुधारतं कारण आता ते अक्षर लहान करण्याची गरजच पडत नाही. पूर्ण बोर्डाच्या वेळी टूलने न वाचता येणाऱ्या गावांच्या जागी आसपासच्या खऱ्या गावांची नावं घातली असतील तर तीही शोधायला लावा. ती नावं खरी असतात, त्या रस्त्यावरचीच वाटतात, म्हणून पटकन पकडली जात नाहीत.

पहिला तास इथे संपतो. वेळ उरला तर घड्याळ दाखवा. जाहिरातींतली घड्याळं जवळपास सगळी १० वाजून १० मिनिटांवर लावलेली असतात, टूलने शिकताना तीच जास्त पाहिली, त्यामुळे कुठलीही वेळ असली तरी १०:१० सांगणारी टूल्स मी बघितलीत. तिसरा रकाना, मुलं आता न सांगता ओरडतात.

चौथा टप्पा: प्रश्नातच उत्तर भरलेलं असणं

दुसऱ्या तासाची सुरुवात परत बाजाराच्या फोटोने. या वेळी अर्ध्या गटांनी साधा प्रश्न लिहायचा, म्हणजे फोटोत उजवीकडे काय आहे. बाकीच्या अर्ध्यांनी असा प्रश्न लिहायचा ज्यात नसलेली गोष्ट गृहीत धरलीय, म्हणजे उजवीकडच्या आजी टोपलीत काय घेऊन बसल्यात, आणि फोटोत आजी नाहीतच. काही वेळा टूल स्पष्ट सांगतं की आजी दिसत नाहीत, आणि काही वेळा आजींच्या टोपलीत मिरच्या भरून देतं. दोन्ही झालं तरी नोंद करा. मुलांनी यातून घ्यायचं ते हे की प्रश्न विचारताना आपण फोटोत काय आहे ते ठरवून टाकायचं नाही, आधी "हे आहे का" विचारायचं, मग "कसं आहे" विचारायचं.

याच ठिकाणी मी सापाचा विषय काढते, फोटो न टाकता, फळ्यावरच. आमच्याकडे शेतात घोणस निघते, ती जहाल विषारी. डुरक्या घोणस नावाचा दुसरा साप बिनविषारी, अंगावर डाग साधारण तसेच, जाड आणि आखूड. अजगराचं पिल्लू पण दिसायला तसंच. तसंच मण्यार आणि कवड्या, एक अतिविषारी आणि दुसरा बिनविषारी, दोघांच्या अंगावर पट्टे. जाणकार माणसं डोक्यावरचे खवले, पट्टे कुठून सुरू होतात असं बारीक बघून ठरवतात, आणि संध्याकाळी लांबून थरथरत्या हाताने काढलेल्या फोटोत नेमकं तेच नसतं. टूल तरीही एक नाव सांगेल. रांगोळीत एक ठिपका चुकला तर काही बिघडत नाही, इथे बिघडतं. साप चावला तर फोटो ओळखत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. रानातली अळंबी, गोळीचं फाटलेलं पाकीट, अंगावरचं पुरळ, हे सगळं याच यादीत घाला. मुलांना मी एकच प्रश्न विचारायला शिकवते: उत्तर चुकलं तर कुणाचं काय जाईल?

पाचवा टप्पा: फोटोतून आपण काय काय देऊन टाकतो

यासाठी तुमचाच एक फोटो घ्या, रस्त्यावर उभं राहून काढलेला, मुलांचा नको. टूलला अजून द्यायचा नाही. आधी गटांना गुप्तहेर व्हायला सांगा, हा फोटो कुठला, कधीचा, या बाई काय करतात, हे दहा मिनिटांत शोधा. मागच्या दुकानाच्या पाटीवर गावाचं नाव, खाली पिनकोड, गाडीची नंबरप्लेट, गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र, भिंतीवरची जत्रेची जाहिरात आणि तिच्यावर तारीख. मुलं इतकं काही काढतात की मला दर वर्षी धक्का बसतो. मग सांगा की टूललाही हे सगळं वाचता येतं. अनोळखी माणसाचा चेहरा बघून नाव सांगायला बरीच टूल्स नकार देतात, चांगलं आहे, पण ओळखपत्रावरचं नाव वाचायला चेहरा लागत नाही.

आणि जे दिसत नाही तेही दाखवा. फोनच्या गॅलरीत फोटोचे डिटेल्स उघडा, तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर नकाशावर टाचणी, थेट घराच्या दारात. चॅट टूल उत्तर देताना ही माहिती बहुधा वापरत नाही, ते चित्र बघतं, पण तुम्ही फाइल अपलोड केली की तिच्यासोबत ही माहितीही कंपनीकडे जाऊ शकते. उपाय सोपा आहे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, आणि द्यायचाच असेल तर फोटोचा स्क्रीनशॉट काढून हवा तेवढाच भाग कापून द्या. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोचं लोकेशन येत नाही. आणि कापल्याने वाचनही सुधारतं हे मुलांनी आदल्या तासाला पाहिलेलंच आहे, एका सवयीत दोन्ही कामं. आधार कार्ड, मार्कशीट, आणि मित्रमैत्रिणींचे फोटो त्यांना न विचारता, हे टाकायचंच नाही, यावर मी चर्चा ठेवत नाही, सरळ नियम सांगते.

सहावा टप्पा: मुलांची परीक्षा

शेवटची २० मिनिटं प्रत्येक गटाने टूलला चकवेल असं एक चित्र हाताने काढायचं. चित्रासोबत तीन गोष्टी लिहून, घडी घालून माझ्याकडे द्यायच्या: बरोबर उत्तर काय, टूल काय सांगेल, आणि का. मागच्या वर्षी एका गटाने सहा बोटांचा तळहात काढला, का च्या पुढे लिहिलं होतं "हाताला पाच बोटं असतात हे त्याला पाठ आहे म्हणून". टूलने पाच सांगितली. दुसऱ्या गटाने बुद्धिबळाचा पट काढला, एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला सात घरं, त्यांची अपेक्षा ६४ होती, टूलने बरोबर ५६ सांगितलं. तिसऱ्या गटाने केळं काढून त्यावर मोठ्या अक्षरात "सफरचंद" लिहिलं, टूलने दोन्ही ओळखलं, फळ केळं आणि त्यावरचा शब्द सफरचंद. त्या मुलांना वाईट वाटलं, पण २०२१ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी त्यांच्या क्लिप नावाच्या मॉडेलला सफरचंदावर "iPod" असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवून दाखवली होती तेव्हा ते खरंच आयपॉड म्हणालं होतं, म्हणजे मुलांची कल्पना बरोबरच होती, टूल पुढे गेलंय.

गुण मी १० पैकी असे देते: बरोबर उत्तर आधी लिहिलेलं असणं ३, कारण तीन रकान्यांच्या भाषेत सांगणं ५, नवीन चॅटमध्ये पुन्हा तपासणं २. टूल फसलं की नाही याला एकही गुण नाही, बुद्धिबळवाल्या गटाला १० मिळाले. सगळे कागद जपून ठेवा, वर कोपऱ्यात तारीख आणि टूलचं नाव लिहून, कारण पुढच्या वर्षी नवीन वर्गापुढे हीच चित्रं परत टाकायची आहेत आणि कुठली उत्तरं बदलली ते त्याच मुलांकडून शोधून घ्यायचंय.